अठराव्या अध्यायातले बालक

रविवारच्या मिस्सेत प्रवचनाला दहा-बारा मिनिटे मिळतात. त्याहून अधिक बोललो, की मागच्या बाकांवरची लहान मुले चुळबुळ करू लागतात आणि त्यांचे बरोबरच असते. यंदा मी ज्या विषयावर प्रवचन केले तो विषय या चुळबुळणाऱ्या मुलांचाच होता. मुलांवर आणि समाजातल्या दुबळ्या माणसांवर होणारे लैंगिक अत्याचार, आणि ते कानावर आल्यावर आपण काय करतो, हा तो विषय. मी वसईच्या एका धर्मग्रामातला धर्मगुरू. माझे ऐकणारे ख्रिस्ती. पण जे सांगायचे आहे ते देवळाच्या भजनी मंडळाला, वसतिगृहाला, क्लासला आणि एकत्र कुटुंबालाही तेवढेच लागू आहे. म्हणून बारा मिनिटांत न मावलेले येथे लिहितो.

सुरुवात मला शुभवर्तमानापासूनच केली पाहिजे, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. आमच्या उपासनेत रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने येतात. मत्तयाचे वर्ष असले, की सप्टेंबरच्या सुमारास त्याच्या १८ व्या अध्यायातले दोन उतारे लागोपाठच्या रविवारी वाचले जातात. पहिल्यात असे सांगितले आहे, की तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर आधी एकांतात त्याची समजूत घाल. नाही ऐकले तर एक-दोघांना बरोबर ने. तरीही नाही ऐकले तर मंडळीला सांग. दुसऱ्यात पेत्र विचारतो, की भावाला किती वेळा क्षमा करायची, आणि उत्तर मिळते की मोजू नकोस. दोन्ही उतारे लोकांना पाठ आहेत. गावात बांधाचे भांडण झाले, भावाभावांत वाटणीवरून अबोला धरला गेला, की हेच उतारे आम्ही पुढे करतो आणि त्यांचा उपयोगही होतो.

पण या अध्यायाची सुरुवात त्या दोन रविवारी कानावर पडत नाही. अध्याय सुरू होतो तो एका मुलापासून. आपल्यात मोठा कोण, असा वाद घेऊन शिष्य येतात तेव्हा येशू एका बालकाला बोलावून त्यांच्या मधोमध उभे करतो. मग तो असे काही बोलतो, की इतके कठोर शब्द त्याच्या तोंडी क्वचितच सापडतील. या लहानांपैकी एकाच्याही अधःपाताला जो कारण होतो, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेले बरे, असा त्यांचा आशय आहे. त्यानंतर कळपातल्या नव्याण्णव मेंढरांना सोडून एकट्या हरवलेल्या मेंढराला शोधायला निघालेला मेंढपाळ येतो, आणि त्याच्याही नंतर भावाच्या अपराधाची गोष्ट निघते. हा क्रम महत्त्वाचा आहे. एकांतात समजूत घालण्याचा उपाय बरोबरीच्या दोन माणसांसाठी आहे. दहा वर्षांचे मूल आणि त्याला हात लावणारा प्रौढ माणूस यांच्यात कसली आली बरोबरी? तिथे एकांतात समजूत घालायला जाणे म्हणजे अपराध्याला सावध करणे. आणि ज्याचे नुकसान झाले त्या मुलाच्या वतीने क्षमा करून टाकण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही.

हा क्रम उलटा लावला की काय होते, त्याचे उदाहरण आमच्याच घरातले आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या महाधर्मप्रांतात जॉन गेओगन नावाचा धर्मगुरू होता. १९८० च्या आधी तो शहरातल्या एका धर्मग्रामात एका बाईच्या घरी जात-येत असे. तिची स्वतःची मुले आणि नात्यातली मुले धरून घरात सात मुलगे होते. हा माणूस मदतीला येई, मुलांना आइस्क्रीम खायला नेई, रात्री त्यांना झोपवी. धर्मगुरू आपल्या घरी येतो याचे तिला केवढे अप्रूप वाटत असेल, हे वसईतल्या कुणालाही सांगायला नको. मुलांनी अखेर घरी सांगितले. आईने चर्चमधल्या दुसऱ्या धर्मगुरूला सांगितले. गेओगनला विचारल्यावर त्याने नाकारलेही नाही. त्याला तिथून हलवले गेले. आणि आईला मात्र विनवणी झाली, की बाहेर बोलू नका, धर्मगुरू होण्यासाठी या माणसाने अभ्यासात घातलेली इतकी वर्षे मातीमोल होतील.

वर्षभरात तो दुसऱ्या धर्मग्रामात कामावर होता. तो पुन्हा मुलांबरोबर दिसतो, हे कळल्यावर त्या घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईने १९८२ साली थेट कार्डिनलांना पत्र लिहिले. सात मुलांचे काय झाले ते कळवले आणि हा माणूस अजून सेवेत कसा, असे विचारले. उत्तर आले ते देवाच्या क्षमेची आठवण करून देणारे. गेओगनला अभ्यासाच्या निमित्ताने रोमला पाठवून परत आणले गेले. नव्या तक्रारी आल्यावर १९८४ मध्ये त्याला पुन्हा हलवले, ते तिसऱ्या धर्मग्रामात, आणि तिथे वेदीसेवक मुलांची जबाबदारीही त्याच्याकडे आली. १९९८ मध्ये त्याचे धर्मगुरूपद काढून घेतले गेले. जानेवारी २००२ मध्ये 'बॉस्टन ग्लोब' या दैनिकाने कागदपत्रांसह हे सारे छापले. तोवर सहा-सात धर्मग्रामांतल्या १३० हून अधिक लोकांनी लहानपणी त्याच्याकडून झालेल्या अत्याचारांबद्दल तोंड उघडले होते. त्याच महिन्यात तो एका दहा वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात दोषी ठरला. डिसेंबरमध्ये तिथल्या कार्डिनलांना राजीनामा द्यावा लागला.

या कहाणीत मुले बोलली होती. आईने ऐकले होते. आजीच्या वयाच्या बाईने चांगले खणखणीत पत्र लिहिले होते. मग कमी काय पडले? सारे सांगणे संस्थेच्या आतच फिरत राहिले. संस्थेला नव्याण्णवांची अब्रू सांभाळायची होती, आणि ते काम तिने मन लावून केले. ज्या दिवशी ही माहिती पोलिसांकडे जायला हवी होती त्या दिवशी ती कार्डिनलांच्या टपालात गेली. १९८० नंतरच्या प्रत्येक मुलाने त्याची किंमत मोजली.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे कायद्याने ही पळवाट बंद केली आहे, पण ते फार थोड्यांना ठाऊक आहे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला सगळे 'पॉक्सो' म्हणतात, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, मुलगी असो वा मुलगा. मुलगा हा शब्द मी मुद्दाम लिहितो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्याने २००७ साली १३ राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले होते, आणि त्यांत मुलगे निम्म्याहून किंचित जास्तच होते. बहुतेकांनी ते तोवर कुणालाही सांगितलेले नव्हते.

या कायद्याचे १९ वे कलम म्हणते, की असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले किंवा घडेल अशी ज्याला आशंका आहे, त्या कोणत्याही व्यक्तीने ती माहिती पोलिसांना दिलीच पाहिजे. 'कोणत्याही' या शब्दात आजी, शिक्षिका, डॉक्टर, शेजारी आणि मीही आलो. २१ व्या कलमानुसार न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मुलाला मात्र न सांगितल्याबद्दल कसलीही शिक्षा नाही.

हे कलम कागदावरच राहिले असते, तर मी इतके लिहिले नसते. २०१९ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. तपासात मुलींची संख्या वाढत सतरापर्यंत गेली. वसतिगृहातल्या मुलींवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांवर असा आरोप ठेवला गेला, की मुलींकडून प्रकार कळूनही त्यांनी तो पोलिसांना कळवला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला गेला. त्या डॉक्टरांचा दोष ठरवणे हे खटल्याचे काम, ते त्या निकालाने केले नाही. पण न्यायालयाने एक गोष्ट निःसंदिग्ध सांगितली, की माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि बऱ्याचदा ते अपराध्याला पाठीशी घालण्यासाठीच केलेले असते. कारणही दिले. ताबडतोब कळवले तरच मुलाची आणि आरोपीची वैद्यकीय तपासणी वेळेत होते; पुरावा हाती राहतो.

आता एक प्रसंग कल्पू, म्हणजे पायऱ्या नीट दिसतील. पाचवीतला दहा वर्षांचा मुलगा. महिनाभर शिकवणीला जायला कुरकुर करतो आहे. शिकवणारा नात्यातलाच, आईचा लांबचा भाऊ, घरच्यांचा लाडका. मुलाकडे न मागता आलेल्या वस्तू दिसतात, रात्री अंथरूण ओले होऊ लागले आहे. यातल्या कशानेही काही सिद्ध होत नाही; वयात येताना मुले अशीही वागतात. पण जवळ बसायला एवढे कारण पुरते. एका संध्याकाळी आजी वाल सोलत बसली आहे आणि मुलगा शेजारी येऊन म्हणतो, "आजी, मामा मला वाईट खेळ खेळायला लावतो."

आजीने काय करावे? हातातला वाल खाली ठेवावा आणि ऐकावे. चेहरा शक्य तितका शांत ठेवावा, कारण ती घाबरली असे दिसले तर मूल पुढचे बोलणार नाही. "मग काय झालं?" एवढेच विचारावे. "त्याने इथे हात लावला का?" असे विचारू नये. यामागे साधे कारण आहे. मोठ्यांनी सुचवलेले शब्द मूल उचलते, आणि पुढे न्यायालयात आरोपीचा वकील म्हणतो, की हे घरच्यांनी शिकवलेले आहे. "तू आधी का नाही सांगितलंस?" हेही विचारू नये, त्यात मुलाला स्वतःचा दोष ऐकू येतो. आजीने तीन वाक्ये बोलावीत. "सांगितलंस ते फार बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. हे थांबवायला मला आता मदत घ्यावी लागेल." कुणाला सांगणार नाही, असे वचन मात्र देऊ नये. ते पाळता येणार नाही, आणि ते मोडले की मुलाचा विश्वास दुसऱ्यांदा मोडतो.

मूल झोपल्यावर, त्याच रात्री, त्याने जे शब्द वापरले तेच शब्द वहीत उतरवावेत. तारीख, वेळ, कोण हजर होते, एवढे पुरे. घरातल्या पाच जणांनी पुन्हा पुन्हा त्याला सांगायला लावू नये. प्रकार नुकताच, म्हणजे दोन-तीन दिवसांत घडला असेल, तर अंघोळ आणि कपडे धुणे थांबवून आधी रुग्णालयात जावे. कपडे प्लॅस्टिकमध्ये न बांधता कागदी पिशवीत ठेवावेत, ओलसरपणाने पुरावा नासतो. असे उपचार सरकारी-खासगी सर्व रुग्णालयांनी ताबडतोब आणि मोफत करायचे असतात. आधी पोलिसांचा कागद आणा, असे त्यांना म्हणता येत नाही.

आणि इथेच घरात काका बोलू लागतात. "गावात बोभाटा होईल. मी त्याला बोलावून दम देतो." हा दम म्हणजे अध्यायाचा क्रम उलटा लावणे. मामा पाया पडेल, रडेल, मुलाला गाठून धमकावेल, मोबाइलमधले पुसून टाकेल आणि वर्षभराने दुसऱ्या गावात शिकवणी काढेल. दम देण्याऐवजी काकांनी ११२ किंवा १०९८ लावावा. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी १९९६ साली मुंबईतच सुरू झाली. आता ती देशभर आहे आणि सरकारच चालवते. किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी ठाण्याला तो नोंदवून घ्यावा लागतो. जे सांगितले ते लिहून वाचून दाखवले पाहिजे आणि नोंदीचा क्रमांक मिळाला पाहिजे. टाळाटाळ झाली तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना लेखी कळवावे. माहिती नोंदवून न घेणाऱ्यालाही त्याच २१ व्या कलमाखाली शिक्षा आहे.

लोकांना भीती वाटते ती ठाण्याच्या पायरीची. तिथेही कायद्याने मुलाकडे पाहिले आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आईवडील किंवा मुलाच्या विश्वासाच्या माणसासमोर. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. चोवीस तासांत पोलिसांनी जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते, आणि खटला संपेपर्यंत सोबत करणारी एक सहायक व्यक्ती ती समिती देऊ शकते. न्यायालयात वकील थेट मुलावर प्रश्न झाडू शकत नाही, तो न्यायाधीशांमार्फत विचारावा लागतो; आणि आरोपी मुलाच्या नजरेसमोर येणार नाही अशी व्यवस्था करावी लागते. मुलाचे नाव, शाळा, फोटो छापणे हा गुन्हा आहे. प्रत्येक ठाण्यात हे सारे असेच घडते, असे मी म्हणणार नाही. खटले रेंगाळतात, वर्षभरात संपवण्याची अपेक्षा असूनही. पण काय मागायचे हे घरच्यांना ठाऊक असले, की पुष्कळदा ते मिळते.

"फादर, तक्रार खोटी निघाली तर?" असे मला प्रवचनानंतर एका गृहस्थांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतीही कारवाई होत नाही, असे कायदा म्हणतो. सूडबुद्धीने खोटे रचणाऱ्या प्रौढाला शिक्षा आहे. खरेखोटे ठरवण्याचे काम आपले नव्हेच. शेजारच्या घरातून धूर येताना दिसला तर आपण बंब बोलावतो. आग कुणी लावली याचा निवाडा करून मग बोलावत नाही.

एक अवघड गोष्ट मी धर्मगुरू म्हणून सांगितली पाहिजे. पापनिवेदनात ऐकलेले आम्ही कुणालाही, कधीही सांगू शकत नाही; ती मोहोर मोडण्याची मुभा चर्च देत नाही. पॉक्सो कायद्यात मात्र धर्मगुरूंसाठी वेगळी सवलत लिहिलेली नाही. हा पेच मोठमोठ्यांना सुटलेला नाही. पण सामान्य माणसासाठी वाट सोपी आहे. अत्याचाराबद्दल सांगायचे असेल तर ते पापनिवेदनात सांगू नका, कारण ज्याच्यावर अत्याचार झाला त्याचे ते पाप नाहीच. कार्यालयात या, ओट्यावर बसून सांगा, म्हणजे मला तुमच्याबरोबर ठाण्यापर्यंत चालत येता येईल. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आदेशानुसार असे कळल्यावर चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवणे प्रत्येक धर्मगुरूला आणि व्रतस्थाला बंधनकारक झाले, आणि २०२३ मध्ये तो आदेश कायम केला गेला. पण त्याच आदेशात म्हटले आहे, की देशाच्या कायद्याचे बंधन त्याने कमी होत नाही. बिशपांना पत्र लिहिले म्हणजे पोलिसांना कळवले असे होत नाही.

त्याच आदेशात मुलांच्या शेजारी दुबळ्या प्रौढांनाही बसवले आहे. आजारपणामुळे, मतिमंदत्वामुळे किंवा परावलंबनामुळे जे नाही म्हणू शकत नाहीत, ते. बोलू न शकणारी तिशीची मुलगी, अंथरुणाला खिळलेले आजोबा, यांच्यासाठी पॉक्सो नाही. पण २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या ७ व्या कलमाने कोणीही व्यक्ती त्यांच्या छळाची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे व्यवहारात बहुधा तहसीलदारांना, देऊ शकते. आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे. लैंगिक अत्याचाराची तक्रार अपंग स्त्रीला घरबसल्या, दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने देता येते. अशा माणसांचे सांगणे शब्दांत नसते. रोज अंघोळ घालणारा माणूस बदलला की ती किंचाळते, ठरावीक नातेवाईक आला की आजोबा जेवत नाहीत. हेही सांगणेच आहे. ते ऐकणारा माणूस बहुधा शेजारीण असते किंवा कामाला येणारी बाई, आणि तिला घरात कुणी विचारत नाही.

आमच्या धर्मग्रामात यानंतर काही साध्या गोष्टी ठरल्या. धर्मशिक्षणाच्या वर्गाचे दार उघडे राहील. कुणीही प्रौढ एकट्या मुलाला घेऊन सहलीला किंवा तालमीला जाणार नाही, त्यात मीही आलो. १०९८ हा आकडा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, पाण्याच्या नळाशेजारी रंगवला आहे, सूचनाफलकावर मोठ्यांच्या उंचीवर नाही. तक्रार ऐकायला दोन माणसे नेमली आहेत, एक निवृत्त परिचारिका आणि एक शिक्षक. दोघेही धर्मगुरू नाहीत, आणि तक्रार माझ्याविरुद्ध असली तरी माझी परवानगी न घेता पोलिसांकडे जाण्याचे त्यांना लेखी सांगितले आहे.